येरमाळ्यात बेकरी काढायची तर

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग आणि बार्शीहून कळंबला जाणारा रस्ता येरमाळ्यात एकमेकांना भेटतात. गावाच्या अंगाला बालाघाटाचा डोंगर, डोंगरावर येडेश्वरीचं देऊळ. बार्शी आणि कळंब ही बाजाराची गावं दोन दिशांना, दोन्ही अर्ध्या-पाऊण तासावर. अशा गावात नवी बेकरी निघते आहे असं धरून चालू. बेकरी कागदावरची आहे आणि तिच्या हिशेबातले रुपयेही उदाहरणापुरते घेतलेले आहेत. गाव, रस्ता, यात्रा आणि पिठातली प्रमाणं मात्र खरी आहेत.

बेकरी काढणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो भट्टीचा. लाकडाची घ्यावी, डिझेलची की विजेची? दुसरा प्रश्न जागेचा, तिसरा पाटीवर काय नाव लिहायचं याचा. पहाटे साडेपाचला येरमाळ्यात पाव कोणाला हवा असतो, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. खरं तर बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

पाव हवा असणारी माणसं तीन तऱ्हेची. पहिलं गावातलं घर. तिथे सकाळच्या चहाबरोबर लेकरांना पाव, टोस किंवा बटर लागतं आणि कोणी आजारी पडलं की ब्रेडचा पुडा येतो. दुसरा चौकातला वडापावचा गाडा आणि रस्त्याकडेचं हॉटेल. त्याला रोज ठरलेल्या वेळी ठरलेला माल हवा. तिसरा देवीला आलेला भाविक. तो वर्षातून एकदा-दोनदा येतो, पण येतो तेव्हा लाखोंच्या गर्दीने येतो. तिघांनाही बेकरीचाच माल हवा असला तरी तिघांसाठी माल, भाव, विकण्याची जागा आणि सांगण्याची रीत वेगवेगळी ठरवावी लागते. मार्केटिंगची पुस्तकं ज्याला ‘मार्केटिंग मिक्स’ म्हणतात ते हेच.

या शब्दाची कुळकथा बेकरीवाल्याला आवडावी अशी आहे. १९४८ साली जेम्स कलिटन या अमेरिकी अभ्यासकाने धंदा चालवणाऱ्या माणसाचं वर्णन ‘जिन्नस मिसळणारा’ असं केलं. कधी तो दुसऱ्याची कृती वापरतो, कधी हाताशी असलेल्या जिनसांप्रमाणे कृती बदलतो आणि कधी कोणी न वापरलेला जिन्नस घालून पाहतो. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या नील बोर्डेन यांनी ही कल्पना उचलली आणि तिला मार्केटिंग मिक्स हे नाव दिलं. त्यांची यादी लांबलचक होती. १९६० साली ई. जेरोम मॅकार्थी यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात ती चार शब्दांवर आणली: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. माल, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी. परीक्षेत या चार शब्दांवर चार परिच्छेद लिहिले की गुण मिळतात. धंद्यात मात्र हे चार सुटे राहत नाहीत. पिठात पाणी जास्त झालं तर नुसतं मीठ वाढवून भागत नाही, तसं यातलं एक हललं की बाकीची तिन्ही हलवावी लागतात.

मालापासून सुरुवात करू, आणि मालातही पावापासून.

दहा किलो मैद्याला साधारण सहा लिटर पाणी, चारशे ग्रॅम साखर, तीनशे ग्रॅम तेल किंवा तूप, दोनशे ग्रॅम ओलं यीस्ट आणि एकशे ऐंशी ग्रॅम मीठ. यातून सतरा किलोच्या आसपास पीठ तयार होतं. बेचाळीस ग्रॅमचा एक गोळा धरला तर हाताला-भांड्याला चिकटलेलं वजा जाऊन चारशे पाव पडतात. भट्टीत ओलावा उडून पावाचं वजन दहा-बारा टक्के कमी होतं. पीठ मळायचं, ते फुगू द्यायचं, गोळे करून लादीत लावायचे, पुन्हा फुगू द्यायचे, पंधरा-वीस मिनिटं भाजायचे आणि गार करायचे. या सगळ्याला चार-साडेचार तास जातात. म्हणजे गाड्यावर साडेपाचला पाव पोचायचा असेल तर मध्यरात्रीनंतर लगेच पीठ मळायला घ्यावं लागतं. बेकरीतला कामगार रात्रीचा माणूस असतो तो यामुळे.

गाडेवाल्याला हवा असलेला पाव आणि घरात हवा असलेला पाव हे वेगळे असतात, आणि नवा बेकरीवाला बहुतेक वेळा इथे चुकतो. गाडेवाला पाव मधोमध चिरतो, त्यात चटणी लावतो आणि गरम वडा दाबून बसवतो. पाव फार मऊ असेल तर चटणीने भिजून फाटतो. फार हलका, पोकळ असेल तर वडा खाली घसरतो. त्याला घट्ट अंगाचा आणि रोज तेवढ्याच आकाराचा पाव लागतो. घरातलं गिऱ्हाईक मात्र बोटाने दाबून बघतं, वास घेतं आणि मऊ पाव उचलतं. एकाच पिठातून हे दोन्ही निघू शकतात, पण गाड्याच्या पावासाठी पाणी थोडं कमी आणि घरच्या पावासाठी तेल-साखर थोडी जास्त घालावी लागते. दोन घाणे वेगळे मळावे लागतात. हे न केल्यास दोघेही नाराज होतात आणि दोघेही बाहेरगावच्या टेम्पोतून येणारा पाव घ्यायला लागतात.

या भागातला उन्हाळा पावाशी फटकून वागतो. मळून झालेलं पीठ सव्वीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास असावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला, पाणी टाकीतलं कोमट आणि मैद्याचं पोतंही तापलेलं असलं, की पीठ वेळेआधी फुगतं. मग पाव वरून मोठा दिसतो, आतून खडबडीत निघतो आणि खाताना किंचित आंबट लागतो. उपाय साधा आहे. पाण्यात बर्फ घालायचा आणि यीस्ट कमी करायचं. बर्फाचा खर्च मात्र उन्हाळ्याच्या हिशेबात आधीच धरावा लागतो.

उन्हाळ्यातला दुसरा दोष जास्त वाईट आहे. मैद्यातून आलेले काही जिवाणू भट्टीच्या उष्णतेतही तग धरतात आणि गरम हवेत पावाच्या आत वाढतात. पाव तोडला की आतला भाग चिकट होऊन बारीक तारा सुटतात आणि जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो. बाहेरून पाव चांगलाच दिसतो. म्हणून मे महिन्यात आदल्या दिवशीचा एक पाव रोज मोडून, वास घेऊन पाहावा. असा घाणा निघाला तर तो टाकून द्यायचा, परात आणि टेबल व्हिनेगरच्या पाण्याने पुसून काढायचं आणि त्या पोत्यातला मैदा पावासाठी वापरायचा नाही.

पावाचं आयुष्य एक दिवसाचं असतं. दुसऱ्या दिवशी तो कडक होतो तो नुसता सुकल्यामुळे नाही. पावातला स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट बांधला जातो. फ्रिजमध्ये हे आणखी वेगाने होतं, त्यामुळे उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवण्यात काहीच हशील नाही. नानकटाई, खारी, टोस आणि बटर यांचं तसं नाही. हवाबंद डब्यात हे जिन्नस तीन-चार आठवडे टिकतात. येरमाळ्याच्या बेकरीला पहिल्या दिवसापासून या दोन जातींचा माल लागतो: आज विकला नाही तर गेला असा, आणि महिनाभर थांबू शकेल असा. काचेच्या कपाटात चाळीस जिन्नस मांडायची हौस नव्या दुकानात फार दिसते. पहिल्या वर्षी पाव, ब्रेड, टोस, खारी, नानकटाई आणि सांगितल्यावर करून दिलेला केक एवढे सहा जिन्नस पुरतात.

केकच्या बाबतीत देवस्थानच्या गावात पहिला प्रश्न येतो, “यात अंडं आहे का?” दोन्ही प्रकार ठेवले तर भांडी, बीटर आणि साचे वेगळे ठेवावे लागतात आणि गिऱ्हाईकाचा विश्वास बसायला तरीही वेळ लागतो. सगळा केक अंडाविरहित ठेवणं इथे शहाणपणाचं. हा निर्णय मालाचा आहे, पण त्यातून प्रसिद्धीचं एक कामही आपोआप होतं.

दिवाळीआधीच्या पंधरवड्यात बेकरी माल न विकताही कमावते. महाराष्ट्रात ठिकठिकाणी बाया घरून मैदा किंवा कणीक, पिठीसाखर आणि तूप डब्यात भरून बेकरीत नेतात आणि नानकटाई, बिस्किटं भाजून आणतात. बेकरीला मिळते ती किलोमागची मजुरी. माल गिऱ्हाईकाचा, त्यामुळे उरण्याची भीती नाही. विकली जाते ती भट्टी आणि कारागिराचा हात. रांगेत बसलेल्या बाया दोन तास दुकान निरखून पाहतात, परात स्वच्छ आहे का ते बघतात आणि घरी जाऊन सांगतात. ज्या बेकरीने त्या पंधरवड्यात कोणाचंही तूप कमी केलं नाही, तिच्याकडे वर्षभर लोक येतात.

आता किंमत. इथे थोडे आकडे घ्यावेच लागतील.

रोज चाळीस किलो मैद्याचे चार घाणे धरू, म्हणजे सोळाशे पाव. एका घाण्याला कच्चा माल ५२० रुपयांचा लागतो असं समजू. चार घाण्यांचे २,०८० झाले. जळण ४००, दोन कामगारांची मजुरी १,२००, भाडं, वीज आणि झीज मिळून ४००. एकूण ४,०८० रुपये. एका पावाला अडीच रुपयांच्या किंचित वर खर्च आला. गाडेवाल्याला पाव तीन रुपयांना दिला तर नगामागे पंचेचाळीस पैसे उरतात. वरवर पाहता धंदा बरा दिसतो.

पण हा हिशेब सगळे पाव विकले गेले तरच खरा. ४,०८० रुपये वसूल व्हायला तीन रुपयांच्या भावाने १,३६० पाव विकले जायला हवेत. शंभर पाव परत आले तर दिवसाला ४२० रुपये उरतात. दोनशे चाळीस परत आले की नफा शून्य. तीनशे वीस परत आले, म्हणजे पाचातला एक, तर २४० रुपये खिशातून जातात. आणि हे सगळं होत असताना दुकानात गर्दी असते, पीठ मळलं जात असतं, कामगारांना उसंत नसते. बेकरी बुडते ती अशी, गजबजलेली असतानाच.

परत येणारा माल हा बेकरीच्या लाइनवरचा जुना वाद आहे. गाडेवाला आणि किराणा दुकानदार पहिल्याच दिवशी विचारतात, “दादा, उरला तर परत घेणार ना?” बाहेरगावचा टेम्पो परत घेत असेल तर नव्या बेकरीला नाही म्हणणं जड जातं. पण परतीची सवलत मिळाली की दुकानदार गरजेपेक्षा जास्त माल ठेवून घेतो, कारण उरल्याचा तोटा त्याचा नसतो. मधला मार्ग असा, की परत न घेण्याच्या बोलीवर पाव दोन रुपये ऐंशी पैशांना द्यावा आणि परत घेण्याच्या बोलीवर तीन रुपयांना. गाडेवाला रोजचा खप ओळखून असतो, तो पहिली बोली घेतो. दोन रुपये ऐंशी पैशांच्या भावाने सगळे सोळाशे गेले तर ४,४८० रुपये येतात, म्हणजे चारशे उरतात, आणि दुसऱ्या दिवशी पोतं भरून शिळा पाव दारात येत नाही. वीस पैसे सोडून बेकरीने इथे भाव कमी केलेला नाही, उरलेल्या मालाची जोखीम गाडेवाल्याकडे दिली आहे.

संध्याकाळी काउंटरवर उरलेले पाव निम्म्या भावात काढावेत का? त्या दिवसापुरतं पाहिलं तर काढावेत. खर्च होऊन गेलेला आहे, येईल तो रुपया वरचा. पण गाव लहान आहे. आठवडाभरात सगळ्यांना कळतं की सातनंतर पाव स्वस्त मिळतो, आणि पाच वाजता येणारं गिऱ्हाईक सातला यायला लागतं. त्यापेक्षा काउंटरवरून न हललेल्या पाव-ब्रेडचे त्याच रात्री काप करून मंद आचेवर सुकवून टोस करावा. दुकानादुकानांतून, हाताळून परत आलेल्या पावाचा टोस मात्र करू नये. तो कुठे ठेवला होता हे बेकरीला ठाऊक नसतं.

मैदा महागला की भाव वाढवायचा की वजन कमी करायचं, हा प्रश्न दरवर्षी येतो. पार्ले-जीने बराच काळ पुड्याची किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करत नेलं, कारण नाण्याचा ठरावीक भाव गिऱ्हाईकाच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. पुड्यावर वजन छापलेलं असतं, त्यामुळे ते लपवणंही नाही. पावाचा गोळा बेचाळीसवरून अडतीस ग्रॅमवर आणला तर तेवढ्याच पिठात दहा टक्के पाव जास्त पडतात. पण गाडेवाल्याच्या हातात वडा असतो. वड्याच्या कडा पावाबाहेर दिसल्या की त्याला काटा लागत नाही. गाड्याच्या पावाचं वजन तेच ठेवून डझनाचा भाव छत्तीसवरून एकोणचाळीस करणं जास्त सरळ. काउंटरवर सुट्ट्या पैशांची अडचण असते, तिथे चार रुपयांना एक म्हणण्याऐवजी वीस रुपयांना पाच म्हटलेलं बरं.

करांचंही थोडं पाहावं लागतं. साध्या ब्रेडवर जीएसटी नाही. बिस्किटं आणि केकवर तो पूर्वी १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असलेल्या माल विकणाऱ्याला एरवी नोंदणीची सक्ती नसते. वर धरलेली बेकरी पावावर वर्षाला सतरा-अठरा लाखांपर्यंत जाते, म्हणजे बाकीचा माल धरूनही ही रेषा काही काळ लांबच राहते. खाद्यपदार्थ विकण्यासाठी एफएसएसएआयची नोंदणी मात्र लहानातल्या लहान बेकरीलाही लागते.

ठिकाण म्हटलं की डोळ्यांसमोर महामार्ग येतो. रोज हजारो गाड्या जातात, मग दुकान तिथेच का नको? रस्ता चौपदरी झाल्यापासून गाड्यांचा वेग वाढला आहे, आणि ऐंशीच्या वेगाने जाणारा माणूस पावासाठी ब्रेक दाबत नाही. तो जेवायला, चहाला थांबतो आणि तिथे काउंटरवर दिसलेली खारी उचलतो. त्यामुळे महामार्गावर दुकान थाटण्याऐवजी तिथल्या हॉटेलांत आपली खारीची पाकिटं ठेवणं स्वस्त पडतं. भट्टी आणि दुकान गावात, शाळेच्या आणि बाजाराच्या वाटेवर, चालत येणाऱ्यांच्या टप्प्यात हवं. भाडंही कमी लागतं.

दुकान ही ठिकाणाची फक्त एक बाजू. गोव्यात पोदेर सकाळ-संध्याकाळ सायकलला टोपली बांधून भोंगा वाजवत दारोदार फिरतो. घराला बेकरी कुठे आहे हे ठाऊक असण्याचीही गरज पडत नाही. येरमाळ्याच्या वस्त्यांवर, आसपासच्या खेड्यांत मोटरसायकलला दोन क्रेट बांधून अशी फेरी होऊ शकते. पण तिला वेळेची शिस्त लागते. पोदेर रोज त्याच वेळी येतो म्हणून घर त्याच्यावर विसंबून राहतं. आज सातला, उद्या नऊला अशी फेरी असेल तर दारातली बाई दुसऱ्याच दिवशी किराणा दुकानातून पुडा आणून ठेवते.

उलट टोकाचं उदाहरण पुण्यातल्या ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीचं. १९५५ पासून चालू असलेली ही बेकरी दुपारी काही तास बंद असते, तिने शाखा काढल्या नाहीत, आणि तरी श्रुजबेरी बिस्किटांसाठी लोक रांग लावतात. हे पाहून नव्या बेकरीवाल्याला वाटतं, माल चांगला असला की गिऱ्हाईक शोधत येतं. कयानीचं बिस्किट टिकाऊ आहे, पुण्याहून भेट म्हणून न्यायची ती वस्तू झाली आहे आणि त्यामागे काही पिढ्यांची सवय आहे. रोजचा पाव शोधत कोणी येत नाही. पावाला गिऱ्हाईकापर्यंत जावं लागतं, बिस्किटाला थांबून चालतं.

लाइनवर माल द्यायचा म्हणजे उधारी आली. गाडेवाल्याला संध्याकाळी पैसे मिळतात, मैद्याच्या व्यापाऱ्याला सकाळी द्यावे लागतात. एका दिवसाची उधारी चालते, आठवड्याची चालत नाही. आठवड्याच्या उधारीवर पाचशे पाव रोज गेले तर दहा हजारांहून जास्त रुपये कायम रस्त्यावर अडकलेले असतात, आणि नव्या बेकरीकडे तेवढंच खेळतं भांडवल असण्याची शक्यता मोठी.

प्रसिद्धीवर इथे फार थांबायची गरज नाही, कारण पाव-टोसाच्या बाबतीत ती स्वस्तात होते. उद्घाटनाचा मोठा फ्लेक्स चार दिवस दिसतो, मग त्यावर दुसऱ्या कोणाच्या वाढदिवसाचा येतो. त्याच पैशात सायंकाळचा एक छोटा घाणा शाळा सुटायच्या वेळी भट्टीतून काढता येतो. ताज्या पावाचा वास रस्त्यावर पसरतो, लेकरं आईचा हात ओढतात. केकची जाहिरात केकच करतो. वाढदिवसाला वीस माणसं जमतात, खोक्यावर बेकरीचं नाव आणि व्हॉट्सॲप क्रमांक असला की पुढची ऑर्डर त्या वीसांतून येते. नाव लिहिताना काना-मात्रा चुकली तर तेही वीसजण पाहतात.

चारही गोष्टी एकदम फिरतात त्या यात्रेत. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची मोठी यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे जाते आणि भाविक चुनखडी वेचतात. दुसरी यात्रा श्रावणातल्या पौर्णिमेला. चैत्रातल्या त्या दिवसांत बेकरीने काय करावं?

पहिला मोह सोळाशेचे पाच हजार पाव करण्याचा. गाडे वाढलेले असतात, मागणी खरीच वाढते. पण किती वाढेल हे नवख्याला कळत नाही, गर्दीत टेम्पो हलत नाही, आणि अडकलेला पाव उन्हात दुपारपर्यंत कडक होतो. पावाचा अंदाज चुकला तर सगळा तोटा त्याच दिवशी होतो. नानकटाईचा अंदाज चुकला तर माल पुढच्या तीन आठवड्यांत काउंटरवर संपतो. म्हणून यात्रेसाठी पाव गाडेवाल्यांनी आगाऊ पैसे देऊन सांगितला असेल तेवढाच करावा आणि नानकटाई, टोस वाटतं त्यापेक्षा थोडे जास्त करावेत. क्रीमचा केक त्या आठवड्यात करूच नये, एप्रिलच्या उन्हात तो खोक्यातच बसतो.

भाविकाला काहीतरी घरी न्यायचं असतं. याच जिल्ह्यातल्या कुंथलगिरीचा खवा आणि पेढा लांबवर माहीत आहे. मुंबईच्या ग्रँट रोड स्टेशनजवळची १९१४ सालची बी. मेरवान ही इराणी बेकरी मावा केकसाठी प्रसिद्ध झाली. उत्तम खवा इथे मिळत असताना मावा केक येरमाळ्यात का होऊ नये? जरूर व्हावा, पण यात्रेत नव्हे. खव्याचा ओलावा आणि स्निग्धांश यांमुळे तो केक तीन-चार दिवसांतच उतरतो, आणि उन्हात बसमधून जाणाऱ्या माणसाला तो देणं धोक्याचं. तो गारठ्याच्या दिवसांत, गावातल्या गिऱ्हाईकासाठी, ठरावीक वारी करावा. प्रवासाला नानकटाईच बरी.

यात्रेतली किंमत पाकिटाची हवी. वीस आणि पन्नास रुपये असे दोनच भाव, म्हणजे सुट्ट्यासाठी रांग अडत नाही. पाकीट सीलबंद केलं की त्यावर निव्वळ वजन, घटक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, शाकाहाराची हिरवी खूण, एफएसएसएआय क्रमांक आणि कमाल किंमत छापावी लागते. ही छपाई कटकट वाटते, पण तिथेच बेकरीचं नाव, ‘येरमाळा’ हे गाव आणि फोन क्रमांक येतो आणि पाकीट परगावच्या घरात जाऊन पडतं. त्या आठवड्यात वेगळी जाहिरात करण्याची गरज उरत नाही. विकायची जागा देवळाच्या वाटेवर, तीही परतणाऱ्या बाजूला घ्यावी, कारण डोंगर चढताना कोणी ओझं वाढवत नाही. माल तिथे पहाटेच्या आधी पोचवून ठेवावा.

श्रावणात हेच सगळं दमट हवेत करावं लागतं. चैत्रात उघड्या परातीत चालणारी खारी श्रावणात काही तासांत मऊ पडते, पाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरसतो. त्या यात्रेत उघडा माल ठेवू नये. नवरात्रात गर्दी असते, पण उपवासामुळे पाव-खारीचा खप उतरतो, तेव्हा घटावर डोळा ठेवून मैदा कमी भिजवावा.

येरमाळ्यात किंवा असल्याच एखाद्या चौरस्त्याच्या गावात कोणी बेकरी काढणार असेल, तर त्याने काचेच्या कपाटाआधी एक वही विकत घ्यावी. तिच्यात रोज चार रकाने भरावेत: किती पाव केले, गाड्यांना किती गेले, काउंटरवर किती गेले, किती परत आले. वरच्या हिशेबाची बेकरी असेल आणि शेवटचा रकाना सलग आठवडाभर दोनशे चाळीसच्या वर राहिला, तर भाव उतरवू नये, चौथा घाणा बंद करावा.